काका, एका कॉटचं भाडं तुम्ही दोघींकडून घेतलंत

वाकडच्या पीजीचे मालक काका यांस,

तुम्ही माझा फोन उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव यात लिहिणार नाही. वाकड, हिंजवडी, बाणेरमधल्या पुष्कळ मुलींना वाटेल की हे आपल्याच काकांबद्दल आहे. वाटू दे, त्यांचाही हिशेब यातून होईल.

आधी रक्कम सांगते, कारण तुम्हाला पैशांची भाषा चटकन कळते. थ्री शेअरिंगमधली एक कॉट, दोन वेळचं जेवण धरून महिना ९,५०० रुपये. दोन महिन्यांचं डिपॉझिट, म्हणजे १९,००० रुपये, मी आले त्याच दिवशी तुमच्या खात्यात जमा केलं. ३ डिसेंबरला तुम्हाला लेखी कळवलं की ३० दिवसांत जागा सोडते आहे. डिसेंबरचं भाडं भरलेलंच होतं. २ जानेवारीला सामान उचललं, चावी तुमच्या केअरटेकर दादाच्या हातात दिली. आठवड्याभराने माझ्या खात्यात १,००० रुपये आले. सोबत हिशेब नव्हता. हिशेब मी मागितला तेव्हा तुम्ही एका ओळीत पाठवलात: नोटीस ९,५००, रंगकाम २,५००, साफसफाई १,०००, गिझर ३,०००, उशिरा येण्याचा दंड २,०००.

बेरीज बरोबर आहे, १८,०००. तिच्यातला एकही आकडा बरोबर नाही.

तुमची नियमावली लॅमिनेट करून फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे. पहिल्या दिवशी तिच्या कागदी प्रतीवर तुम्ही माझी सही घेतलीत आणि ती प्रत स्वतःकडे ठेवलीत. मला दिली नाहीत. मी फ्रिजवरच्या कागदाचा फोटो काढून ठेवला, म्हणून आज तो शब्दन् शब्द वाचता येतो. एका कलमात लिहिलंय, 'जागा सोडण्यापूर्वी एक महिन्याची नोटीस आवश्यक.' हे रास्त आहे. रिकामी होणारी कॉट भरायला मालकाला वेळ हवा, यावर माझा वाद नाही. पण त्याच कागदावर पुढे, जेवणाच्या वेळा आणि कपडे वाळत घालण्याच्या नियमामध्ये, बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य आहे: 'नोटीस फक्त महिन्याच्या १ तारखेस ग्राह्य धरली जाईल.' ते नोटिशीच्या कलमाशेजारी का नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दोन्ही वाक्यं शेजारी वाचली असती, तर कुठल्याही मुलीने त्याच दिवशी विचारलं असतं की मग एक महिना म्हणता कशाला?

त्या वाक्याचं काम बघा. ३ डिसेंबरची नोटीस तुमच्या लेखी १ जानेवारीला सुरू होते आणि ३१ जानेवारीला संपते. एका महिन्याची नोटीस दोन महिन्यांना दोन दिवस कमी, इतकी लांबते. आणि नोकरी बदलणाऱ्या, लग्न ठरलेल्या, परीक्षा संपलेल्या मुलीला नेमकी १ तारीख साधता येत नाही, यावरच तुमचं हे वाक्य कमाई करतं. पगार होतो ७ तारखेला. ऑफर लेटर कुठल्याही दिवशी येतं.

बरं, जानेवारीत कॉट रिकामी पडून तुमचं नुकसान झालं का? ५ जानेवारीला माझ्या कॉटवर नांदेडची मुलगी राहायला आली. तिने जानेवारीचं भाडं भरलं, डिपॉझिटही भरलं. तेव्हा काका, जानेवारीत त्या एका कॉटचं भाडं तुम्ही दोघींकडून घेतलंत. तुमचं नुकसान झालं ते १ ते ४ जानेवारी एवढ्या दिवसांचं, आणि त्यातले पहिले दोन दिवस मी राहिले होते, त्यांचे पैसे मी देणं लागते. ९,५०० ला ३१ ने भागून दोन दिवसांचे होतात ६१३ रुपये. ते कापा. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुम्ही म्हणाल, सही केलीस ना? केली. पण सही केली म्हणून लिहिलेला प्रत्येक दंड वसूल करता येतो, असं या देशाचा कायदा म्हणत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ७४ नेमकं याबद्दल आहे. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते, हक्काची वसुली नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे सविस्तर सांगितलं आहे. दिल्लीतला एक भूखंड १९८२ मध्ये ३.१२ कोटींना लिलावात गेला. खरेदीदाराने भरलेले ७८ लाख प्राधिकरणाने पुढे जप्त केले आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. न्यायालयाने म्हटलं की खरेदीदाराने करार मोडलेलाच नव्हता आणि प्राधिकरणाचं काही नुकसानही झालेलं नाही, तेव्हा पैसे व्याजासह परत करा. तिथे भूखंड होता आणि इथे लोखंडी कॉट आहे, पण प्रश्न तोच आहे. जागा लगेच दुसऱ्याला दिलीत, पैसे मिळवलेत, मग नुकसान कुठे आहे ते दाखवा.

आता गिझर. बाथरूममधला १५ लिटरचा गिझर नोव्हेंबरमध्ये बंद पडला. दादाने बोलावलेल्या मेकॅनिकने तो माझ्यासमोर उघडला. कॉइलवर क्षारांचा पांढरा थर इतका जाड बसला होता की आतली नळी दिसत नव्हती, आणि टाकीच्या तळाशी मूठभर खडे साचले होते. त्याने स्क्रू ड्रायव्हरने थर खरवडून दाखवला आणि म्हणाला, "टँकरचं पाणी आहे ताई, वर्षातून एकदा साफ केला असता तर गेला नसता." उन्हाळ्यात आपल्या इमारतीला बोअरवेल आणि टँकरचंच पाणी असतं. जड पाणी तापलं की त्यातला क्षार कॉइलवर बसतो, कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि शेवटी जळते. यात मुलींनी काय मोडलं? गिझर साफ करून घेणं हे मालकाचं काम होतं. मेकॅनिकने नवीन कॉइल, गॅस्केट आणि मजुरी धरून १,१५० रुपये घेतले. दादाने त्याला पैसे दिले तेव्हा आम्ही तिघी दारात उभ्या होतो. माझ्याकडून तुम्ही ३,००० कापलेत. माझ्या आधी डिसेंबरमध्ये जागा सोडणाऱ्या रूममेटकडूनही 'गिझर' म्हणून पैसे कापलेत. तिसरी अजून तिथेच राहते. तिने आपल्या डिपॉझिटची काळजी करावी.

रंगकामाचं तर विचारूच नका. मी राहायला आले तेव्हा कपाटामागच्या भिंतीला ओल आली होती आणि पोपडे निघाले होते. त्याचे फोटो मी त्याच दिवशी तुम्हाला पाठवले होते, चॅटमध्ये तारखेसह आहेत. निघाले तेव्हा ते पोपडे तिथेच होते, थोडे वाढले होते इतकंच. त्या फ्लॅटमध्ये सहा कॉट आहेत, आणि निघणाऱ्या प्रत्येक मुलीकडून रंगकामाचे २,५०० कापले जातात. मी तिथे असताना रंगाचा डबा एकदाही आला नाही. नांदेडच्या मुलीने मला परवा फोटो पाठवला, पोपडे आहेत तिथेच आहेत. राहत्या घराची भिंत मळते, पलंगाच्या कडेला डाग पडतो, याला वापराची झीज म्हणतात आणि ती भाड्यातच आलेली असते. कुणी भिंतीत खिळे ठोकले, आरसा फोडला, तर त्याचं बिल दाखवून पैसे घ्या. बिल नसेल तर कापू नका.

उशिरा येण्याचा दंड मात्र मला सर्वांत जास्त लागला, आणि तो पैशांसाठी नाही.

आले तेव्हा तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की माझी सेकंड शिफ्ट असते, रात्री ११ ला सुटते, कंपनीची कॅब सोडते. तुम्ही म्हणालात, "चालेल बाळा, दादाला सांगून ठेवू." नियमावलीत गेट रात्री १० ला बंद आणि त्यानंतर आल्यास प्रत्येक वेळी ५०० रुपये. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार बाईने रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी कंपनीची असते. कंपनी ती पाळत होती. कॅबमध्ये गार्ड असायचा, मी आत गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा त्यांचा नियम होता. एका रात्री पावणेबाराला गाडी गेटवर आली. दादाचा फोन बंद. मी बेल वाजवली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, शेजारच्या इमारतीतून कुणीतरी ओरडलं. वरून रूममेट खिडकीत आली, पण चावी तिच्याकडे नव्हती, कारण चावी मुलींकडे द्यायची नाही हा तुमचा आणखी एक नियम. शेवटी दादा डोळे चोळत आला आणि गेट उघडायच्या आधी त्याने वहीत माझं नाव लिहिलं, पुढे ५००.

काका, माझी शिफ्ट तुम्हाला माहीत होती. कायद्याने मला ज्या दारापर्यंत सुरक्षित आणायला सांगितलं आहे, ते दार तुम्ही बंद केलंत आणि बाहेर उभं राहण्याचे पैसे घेतलेत. सुरक्षेसाठी वेळेची नोंद ठेवा, रजिस्टरवर सही घ्या, कंपनीचं शिफ्टचं पत्र मागा, यातलं काहीही मी आनंदाने केलं असतं. पण ५०० रुपये भरल्याने कुठलीही मुलगी अधिक सुरक्षित होत नाही. तो दंड सुरक्षेसाठी होता तर त्यातून रात्रीसाठी एक जागा माणूस ठेवायचा होतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. रात्रीचं जेवण साडेनऊपर्यंत, नंतर मिळणार नाही, स्वयंपाकघर वापरायचं नाही, न जेवल्यास वजावट नाही. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस माझं रात्रीचं जेवण तुमच्याकडे शिजतही नव्हतं आणि त्याचे पैसे मी भरत होते. दिवाळीत तुमची स्वयंपाकाची बाई पाच दिवस सुटीवर होती, तेव्हाही भाडं पूर्ण. पुण्यातली साधी मेस चालवणारी मावशीसुद्धा आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरते आणि महिनाअखेर पैसे वळते करते. तिच्याकडे लॅमिनेट केलेली नियमावली नसते, एक वही असते. ती वही तुमच्या नियमावलीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

आणि भेटायला येणाऱ्यांचा नियम. 'पाहुण्यांना फक्त पार्किंगमध्ये, संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत भेटता येईल.' मुलींच्या पीजीत पुरुषांनी वर यायचं नाही, हे समजण्यासारखं आहे. माझे बाबा कधी वर आले नाहीत. पण ऑक्टोबरात आई लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आली. पहाटे साडेपाचला ती गेटवर उतरली, हातात दोन पिशव्या, एकीत शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी शिवलेली गोधडी. तिला बाथरूमला जायचं होतं. दादाने तुम्हाला फोन लावला. तुम्ही स्पीकरवर होता, मी शेजारी उभी होते. "नियम सगळ्यांना सारखा" म्हणालात आणि फोन ठेवलात. रात्रभर बसमध्ये बसून आलेली माझी आई स्कूटरला टेकून उभी राहिली आणि मी तिला रिक्षाने पेट्रोल पंपावर घेऊन गेले. त्याच नियमावलीच्या खाली लिहिलंय की आई किंवा बहीण मुक्कामाला असल्यास रात्रीचे ५०० रुपये. पैसे भरले की आईने वर यायला हरकत नसते. तेव्हा तो नियम कुणाच्या सुरक्षेसाठी होता, हे मला सांगू नका.

हिशेब मागितला तेव्हा तुम्ही मला अखेरचं काय ऐकवलंत? "आम्ही पीजी आहोत, आम्हाला करारबिरार लागू होत नाही." मी कायदा उघडून वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये पेइंग गेस्ट कोण हे लिहून ठेवलंय: मालक ज्या जागेत स्वतः राहतो, त्या जागेचा काही भाग ज्याला राहायला दिलेला आहे तो. तुम्ही राहता औंधला. वाकडच्या फ्लॅटमध्ये तुम्ही एक रात्रही काढलेली नाही. त्यामुळे या कायद्यातली पेइंग गेस्टची पळवाट तुम्हाला नाही. लिव्ह अँड लायसन्स असेल तर कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही म्हणाल की आमचं हॉस्टेल आहे, आणि हॉस्टेल या कायद्यातून वगळलेलं आहे. ठीक, मग हॉस्टेल चालवणाऱ्यासारखं वागा. पैसे घेऊन राहायला-जेवायला देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टपणे 'सेवा' आहे. त्याच कायद्याने अन्यायकारक कराराची जी लक्षणं सांगितली आहेत त्यांत अवाजवी डिपॉझिट, नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड आणि एका बाजूला कारण न देता करार संपवण्याची मुभा ही तिन्ही आहेत. तिसऱ्यासाठी तुमच्या नियमावलीची शेवटची ओळ पुरेशी आहे: 'मालक कोणत्याही क्षणी, कारण न देता, जागा रिकामी करण्यास सांगू शकतात.' आम्हाला महिना, तुम्हाला क्षण.

अन्यायकारक कराराचा दावा राज्य आयोगाकडे जातो, हे मी विचारून घेतलंय. म्हणून माझी तक्रार डिपॉझिट अडवून ठेवलं आणि पैसे घेऊन सेवा दिली नाही, एवढ्यावरच असेल आणि ती जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. माझ्यासारख्या छोट्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कागद तयार आहेत: फ्रिजवरच्या नियमावलीचा फोटो, ३ डिसेंबरचा मेसेज, डिपॉझिटची बँकेतली नोंद, भिंतीचे पहिल्या दिवशीचे फोटो, तुमच्या एका ओळीच्या हिशेबाचा स्क्रीनशॉट, माझ्या शिफ्टचं कंपनीचं पत्र. नांदेडच्या मुलीने ५ जानेवारीला भाडं भरल्याची पावती द्यायला तिने होकार दिला आहे.

१९,००० मधून दोन दिवसांचे ६१३ वजा, तुम्ही दिलेले १,००० वजा. उरतात १७,३८७ रुपये. ज्या खात्यातून डिपॉझिट आलं होतं त्याच खात्यावर या महिनाअखेरपर्यंत पाठवा. आणि नांदेडच्या मुलीने सही केलेल्या नियमावलीची प्रत तिला द्या. तिने ती तुमच्याकडे दोनदा मागितली आहे.

आपल्या पीजीत राहून गेलेली,
लातूरची एक मुलगी